पाच हजार की नऊ हजार

आमच्या कंपनीत इन्सेन्टिव्हचं स्टेटमेंट पुढच्या महिन्याच्या बारा-तेरा तारखेला मेलवर येतं. एकच पान असतं. वर नाव आणि एम्प्लॉयी कोड, खाली टार्गेट, अचिव्हमेंट, टक्केवारी आणि शेवटी रक्कम. तळाला बारीक अक्षरांत एक ओळ असते : काही शंका असल्यास सात कामकाजाच्या दिवसांत कळवावे, त्यानंतर आकडे अंतिम समजले जातील. बहुतेक जण रक्कम बघतात आणि मेल बंद करतात. मीही बरीच वर्षं तेच करत आलो, कारण रक्कम साधारण अंदाजाएवढीच असायची. ऑगस्टच्या स्टेटमेंटला मात्र तसं झालं नाही.

मी साबण आणि कपडे धुण्याची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीत सेल्स ऑफिसर आहे. कराड, उंब्रज, मसूर हा माझा भाग. कंपनी डिस्ट्रिब्युटरला माल विकते ती प्रायमरी, आणि डिस्ट्रिब्युटर दुकानदारांना विकतो ती सेकंडरी. आमचा इन्सेन्टिव्ह सेकंडरीवर असतो. प्रायमरीवर ठेवला तर महिनाअखेरीला डिस्ट्रिब्युटर शेठच्या गोदामात माल कोंबून कुणीही टार्गेट गाठेल, म्हणून.

ऑगस्टचं माझं टार्गेट होतं २४ लाख रुपये. ९५ ते १०० टक्क्यांच्या आत राहिलो तर ५,००० रुपये, शंभर टक्के गाठले की ९,००० आणि १०५ च्या पुढे १३,०००. ९५ च्या खाली काहीच नाही. स्लॅबची पद्धत असल्यामुळे ९९.९ टक्क्यांवर थांबणारा आणि ९५.१ वर थांबणारा, दोघांनाही सारखेच पैसे. गणपतीमुळे महिना चांगला गेला होता. डिस्ट्रिब्युटरकडून रोज संध्याकाळी क्लोजिंग घेऊन मी ते डायरीत लिहितो. डायरीप्रमाणे महिना २४,३६,००० वर संपला होता, म्हणजे १०१.५ टक्के. स्टेटमेंटमध्ये आकडा होता २३,६७,६००. टक्केवारी ९८.६५. रक्कम ५,०००.

शेजारच्या भागातल्या आमच्या मित्राचंही त्याच महिन्यात कमी आलं होतं. त्यानं लगेच मेल टाकला, ‘माझी सेल यापेक्षा जास्त आहे, कृपया तपासावे’ आणि सोबत डिस्ट्रिब्युटरच्या टॅलीतलं सेल्स रजिस्टर जोडलं. दुसऱ्या दिवशी एमआयएसचं उत्तर आलं, ‘डीएमएसप्रमाणे आकडा बरोबर आहे.’ विषय संपला. टॅलीतली बेरीज जीएसटीसकट होती आणि त्यात परत आलेला मालही वजा नव्हता. आमचं टार्गेट मात्र जीएसटी वगळून, स्कीमची सूट आणि रिटर्न वजा करून धरतात. वेगळ्या पायावरच्या दोन बेरजा समोरासमोर ठेवल्या की समोरच्याला दोन मिनिटांत नाही म्हणता येतं.

म्हणून मी पहिल्या मेलमध्ये तक्रार केलीच नाही. फक्त मागणी केली : माझ्या कोडखाली ऑगस्टमध्ये धरलेल्या सेकंडरीची बिलवार यादी हवी आहे. यादी मागितली की कुणी नाही म्हणत नाही. दुपारपर्यंत एक्सेल आली. दुसऱ्या बाजूला डिस्ट्रिब्युटरच्या लॉगिनमधून डीएमएसचा बिलवार रिपोर्ट काढला. डीएमएस म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या बिलिंगचं कंपनीनं दिलेलं सॉफ्टवेअर. तिथून निघालेला रिपोर्ट कंपनीला खोटा म्हणता येत नाही. दोन्हीत जीएसटी वगळलेली रक्कम असलेला कॉलम घेतला, बिल नंबर समोरासमोर लावले आणि एकीकडे असलेलं पण दुसरीकडे नसलेलं काय ते शोधलं.

फरक एकाच बिलाचा निघाला. ३० तारखेचं, ६८,४०० रुपयांचं. तेवढ्यानंच माझी बेरीज २३,६७,६०० वरून २४,३६,००० होत होती.

आता हे एकच बिल का गळलं? बिल मंडईजवळच्या एका घाऊक दुकानाचं होतं. दुकान वडिलांच्या नावानं चालायचं, ऑगस्टच्या सुरुवातीला मुलानं आपल्या नावानं नवी फर्म काढली आणि नवा जीएसटी नंबर घेतला. पाटी तीच, गल्ला तोच. २८ तारखेला आमच्या सेल्समननं ऑर्डर घेतली आणि डिस्ट्रिब्युटरच्या ऑपरेटरनं सवयीनं जुन्या फर्मवर बिल फाडलं. माल पोचला तेव्हा मुलानं बिल परत केलं. त्याचं म्हणणं रास्त होतं. जुन्या नंबरावरच्या बिलाचं इनपुट क्रेडिट त्याच्या फर्मला मिळणार नव्हतं.

डिस्ट्रिब्युटरला ई-इन्व्हॉइस लागू आहे. असं बिल पोर्टलवर रद्द करायचं असेल तर चोवीस तासांत करावं लागतं. ३० तारखेपर्यंत ती मुदत उलटली होती. मग एकच रस्ता राहतो, जुन्या फर्मच्या नावानं क्रेडिट नोट काढायची आणि नव्या फर्मच्या नावानं नवं बिल. ऑपरेटरनं दोन्ही ३० तारखेलाच केलं. माल दुकानातून हललाही नाही, फक्त कागद बदलले.

हिशेबात मात्र तीन नोंदी झाल्या. २८ चं बिल, अधिक ६८,४००. ३० ची क्रेडिट नोट, वजा ६८,४००. आणि ३० चं नवं बिल, पुन्हा अधिक ६८,४००. माझ्या यादीत पहिल्या दोन होत्या, तिसरी नव्हती. म्हणजे माझ्या कोडवर या मालाची विक्री शून्य धरली गेली आणि माल तर दुकानात रचलेला.

तिसरी नोंद कुठे गेली हे रिपोर्टच्या एका कॉलमनं सांगितलं. प्रत्येक बिलासमोर आउटलेट कोड असतो आणि त्याच्यापुढे बीट. माझ्या सगळ्या बिलांसमोर बीटचं नाव होतं, या बिलासमोर रकाना रिकामा. नवं दुकान जोडायची रीत अशी की सेल्समननं ॲपमधून रिक्वेस्ट टाकायची, एएसएमनं मंजूर करायची, मग ते दुकान बीटमध्ये बसतं. इथे बिलाची घाई होती, म्हणून ऑपरेटरनं डीएमएसमध्ये थेट नवा पार्टी कोड उघडला. बिल निघालं, सेल डिस्ट्रिब्युटरच्या खात्यात गेली, पण कोड कुठल्याच बीटला जोडलेला नव्हता. डिस्ट्रिब्युटरची एकूण बेरीज बरोबर, माझी कमी. माझ्या डायरीतला आकडा चुकला नव्हता त्याचं कारणही हेच. मी डिस्ट्रिब्युटरची एकूण बेरीज लिहीत होतो आणि त्याचा सगळा माल माझ्याच भागात जातो.

दुसरा मेल टाकायच्या आधी मी आणखी एक गोष्ट तपासली. एकदा हिशेब उघडायला लावला की तो सगळाच उघडतो. टार्गेटच्या वर माझ्याकडे ३६,००० रुपयेच होते. त्या नव्या कोडवर बिलवार रिपोर्टमध्ये न दिसणारं काही रिटर्न पडलं असेल तर तेही माझ्याच अंगावर येणार. डिस्ट्रिब्युटरला फोन केला. ‘शेठ, त्या नव्या फर्मचं ऑगस्टमध्ये रिटर्न काही आहे का?’ शेठ म्हणाले, ‘आहे की. पावडरचे फाटके पुडे आले होते ३१ ला, बघून सांगतो.’ ९,६०० रुपयांचं होतं. ते वजा जाऊनही आकडा २४,२६,४०० राहत होता, १०१.१ टक्के. स्लॅब हलत नव्हता. मग ते रिटर्नही मीच मेलमध्ये लिहिलं. त्यांनी शोधून काढण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

मेल छोटाच ठेवला. विषयात महिना आणि एम्प्लॉयी कोड. मजकुरात तीन बिलं-नोटांचे नंबर, तारखा आणि रकमा, रिकाम्या बीटच्या रकान्याचा फोटो, रिटर्नचा नंबर आणि शेवटी दोन मागण्या : हा आउटलेट कोड माझ्या बीटला जोडावा आणि ऑगस्टचा इन्सेन्टिव्ह पुन्हा काढावा. मेल थेट एमआयएसला न पाठवता आमच्या एएसएमच्या मार्फत पाठवला, कारण मॅपिंगची मंजुरी त्यांचीच लागते. सर आधी म्हणाले, ‘अरे, चार हजारांसाठी एवढं? पुढच्या महिन्यात भरून काढ.’ मी म्हटलं, ‘सर, पुढच्या महिन्याचं टार्गेट या महिन्याच्या आकड्यावर ठरतं हे खरं, पण आकडा तरी खरा असू दे.’ ते हसले आणि मंजुरी दिली.

दोन दिवसांनी एमआयएसमधून एका मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, ‘मॅपिंग चालू महिन्यालाच लागू होतं, बंद झालेल्या महिन्याला होत नाही. सिस्टिम ऑगस्ट बदलणार नाही.’ ही अडचण मला माहीत नव्हती. मी विचारलं, ‘मग अशा केसला तुम्ही काय करता?’ त्या म्हणाल्या, ‘हातानं ॲडजस्टमेंट करते, पण त्याला सेल्स हेडचं ॲप्रूव्हल लागतं. तुमचा मेल मी पुढे पाठवते, बिलं आहेत म्हणून होईल.’ नुसती बेरीज दिली असती तर त्यांच्याकडे पुढे पाठवायला काहीच नव्हतं.

फरकाचे ४,००० रुपये पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये वेगळ्या ओळीत आले, एरिअर्स म्हणून. पगाराच्या स्लिपमध्ये त्यावर टीडीएस कापून आले, त्यामुळे हातात पूर्ण चार हजार पडले नाहीत. ते तसंच असतं. इन्सेन्टिव्ह हा पगाराचाच भाग धरतात, म्हणून स्टेटमेंटवरची रक्कम आणि बँकेत आलेली रक्कम जुळत नाही. त्यावर क्वेरी टाकण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. ती ऑर्डर घेतली होती आमच्या सेल्समननं, आणि त्यालाही त्याच रिपोर्टवर इन्सेन्टिव्ह असतो. त्याचेही १,२०० रुपये गेले होते. पण तो कंपनीच्या पगारावर नाही, डिस्ट्रिब्युटरच्या आहे. त्याला स्टेटमेंट मेलवर येत नाही, त्याची सात दिवसांची मुदत कधी सुरू झाली आणि कधी संपली हे त्याला कळलंही नाही. माझा आकडा दुरुस्त झाला म्हणून त्याचा आपोआप होत नाही, त्याचे पैसे डिस्ट्रिब्युटर देतो आणि मग कंपनीकडे क्लेम लावतो. मी माझ्या ॲप्रूव्हलचा मेल जोडून त्याचा क्लेम वेगळा लावायला सांगितला. शेठ म्हणाले, ‘क्लेम पास झाला की देतो.’ क्लेम पास व्हायला दिवाळी उलटली. सणाला उपयोगी पडले असते ते पैसे त्याला सण झाल्यावर मिळाले.

आता महिन्याच्या पंचवीस-सव्वीसला आणि पुन्हा शेवटच्या दिवशी मी डीएमएसमधून बिलवार रिपोर्ट काढतो आणि बीटचा रकाना रिकामा असलेली बिलं तेवढी गाळून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे. तेव्हा सापडलं तर एएसएमच्या एका मंजुरीनं महिना बंद व्हायच्या आत दुरुस्त होतं, सेल्स हेडपर्यंत जावं लागत नाही. आणि सेल्समनचंही त्यातच होऊन जातं, त्याला कुणाकडे क्लेम मागत बसावं लागत नाही.