मनीषनगर ते पुणे, व्हाया न्यू जर्सी

‘घरची इंटरनेट जोडणी असमाधानकारक. मीटिंगमध्ये वारंवार अडथळा.’ माझ्या वार्षिक मूल्यमापनात ही दोन वाक्यं अजूनही आहेत. मी लेखी हरकत घेतली, आकडे जोडले, आमच्याच नेटवर्क विभागानं ते मान्यही केले. पण फॉर्म एकदा बंद झाला की उघडत नाही म्हणे. वाक्यं तिथेच आहेत आणि माझ्या डोक्यातूनही जात नाहीत.

कंपनी पुण्याची, मुख्यालय न्यू जर्सीत. करोनानंतर घरून काम करायची मुभा राहिली तसे आम्ही पुण्याचं भाड्याचं घर सोडून नागपूरला आलो, मनीषनगरात. घरात फायबर, 100 एमबीपीएसचा प्लॅन. मुलगा क्रिकेटची मॅच बघायचा, बायको बहिणीशी व्हिडिओवर तासभर बोलायची, कुठे काही अडायचं नाही. मी मात्र ऑफिसचं व्हीपीएन लावलं की संपलं. फाईल उघडायला चहा होईपर्यंत वेळ, आणि मीटिंगमध्ये माझं बोलणं तुटक. मी वाक्य सुरू करायचो, पलीकडचा त्याच क्षणी सुरू करायचा, मग दोघंही ‘बोला बोला’ म्हणून गप्प.

हेल्पडेस्कवरच्या मुलाकडे एक ठरलेली यादी होती. राउटर बंद करून चालू करा, वायफायऐवजी वायर लावा, घरात आणखी कोण नेट वापरतं ते बघा. सगळं केलं. मग प्लॅन वाढवा म्हणाला, तर 200 चा घेतला. ढिम्म फरक नाही. मग दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घ्या, म्हणून तेही घेतलं, स्वतःच्या खिशातून. तेव्हाही तेच. शेवटी मॅनेजर सगळ्यांसमोर हसत म्हणाले, “अरे, नागपूरला नेट पोचलं की नाही अजून?” मीटिंगमधले दहा-बारा जण हसले. पुण्यात बसून नागपूर म्हणजे संत्री आणि ऊन एवढंच ज्यांना माहीत आहे, त्यांच्या हसण्याचा राग मानू नये असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण माझ्याच टीममधला एक जण बाणेरला राहायचा आणि त्याचंही असंच तुटायचं. त्याला कुणी गावावरून बोललं नाही. त्याच्या बाबतीत ‘आज नेटवर्क जरा गडबड करतंय’, आणि माझ्या बाबतीत ‘घरची जोडणी असमाधानकारक’. दुखणं एकच, निदान पत्त्यावरून. हे मला आजही पटत नाही.

नेटवाला पोरगा तीनचारदा येऊन गेला. शेवटच्या वेळी त्यानं फायबरची पिवळी वायर काढून पॉवर मीटरला जोडली आणि मलाच दाखवलं. “पाहा ना दादा, मायनस एकवीस येऊन राहिलं. मायनस सत्तावीसच्या खाली गेलं असतं तर मीच म्हटलं असतं लाईन खराब हाय. तुमच्या हापिसचंच काहीतरी असंन.” त्याचं म्हणणं मी लिहून पाठवलं. हेल्पडेस्कनं तिकीट बंद केलं. शेरा : ‘वापरकर्त्याच्या बाजूची समस्या’.

मग मी स्वतःच मोजायला बसलो. व्हीपीएन बंद ठेवून मुंबईतल्या एका सर्व्हरला पिंग केलं, तर उत्तर वीस-पंचवीस मिलिसेकंदात. आमच्या न्यू जर्सीच्या गेटवेच्या बाहेरच्या पत्त्याला केलं, तर 240 च्या आसपास, आणि शंभरातलं एखादं उत्तर येतच नव्हतं. एवढ्या लांबच्या वाटेवर तेवढी गळती होतेच. आता व्हीपीएन लावून आतल्या सर्व्हरला पिंग केलं. दिसलं ते असं :

```
Reply from 10.20.0.5: bytes=32 time=249ms
Reply from 10.20.0.5: bytes=32 time=1874ms
Reply from 10.20.0.5: bytes=32 time=251ms
```

हेल्पडेस्क याच पडद्याकडे बघून ‘लॉस शून्य टक्के, लाईन उत्तम’ म्हणायचं. पण बाहेर जे पाकीट हरवत होतं, ते आत हरवत नव्हतं, उशिरा येत होतं. मधूनच दोन-दोन सेकंद उशिरा. म्हणजे हरवलेलं पाकीट वाटेत कुणीतरी पुन्हा पाठवत होतं, आणि तोवर मागचं सगळं रांगेत थांबत होतं.

हे ‘कुणीतरी’ व्हीपीएनच्या लॉगमध्ये सापडलं. आमचं व्हीपीएन ओपनव्हीपीएन जातीचं, आणि ते 443 या पोर्टवर टीसीपीनं जोडलेलं होतं. त्याच लॉगमध्ये गेटवेकडून आलेली `redirect-gateway def1` ही सूचनाही होती. `route print` केलं तर `0.0.0.0/1` आणि `128.0.0.0/1` असे दोन रस्ते दिसले, दोन्ही बोगद्यात शिरणारे. दोघांत मिळून अख्खं इंटरनेट आलं. म्हणजे माझ्या लॅपटॉपवरून निघालेली प्रत्येक गोष्ट आधी न्यू जर्सीला जात होती.

याचा अर्थ नीट बघा. मी मनीषनगरातून ‘हो’ म्हणायचो. तो आवाज समुद्राखालून अमेरिकेत गेटवेला, तिथून जवळच्या टीम्सच्या मीटिंग सर्व्हरला, तिथून पुन्हा त्याच गेटवेतून उलट समुद्र ओलांडून बाणेरला. जाताना सव्वाशे मिलिसेकंद, परतीला सव्वाशे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.114 या शिफारशीत चांगल्या संभाषणासाठी एका बाजूचा उशीर 150 च्या आत हवा असं म्हटलंय. आमचा 250 पासून सुरू होत होता, पाकीट हरवलं की दोन हजार. बोलणारे दोघं एकाच राज्यात.

आणि टीसीपीची गोष्ट त्याहून वाईट. पाकीट पोचलं नाही तर ते पुन्हा पाठवणं, आणि पोचेपर्यंत पुढचं काही हाती न देणं, हे टीसीपीचं कामच आहे. पण माझी फाईल मुळात टीसीपीनंच येत होती. तिच्याभोवती व्हीपीएननं दुसरं टीसीपी गुंडाळलं. एका हमालावर दोन मुकादम. बाहेर पाकीट हरवलं की बाहेरचा पुन्हा पाठवायला सांगतो. उत्तर उशिरा आलं म्हणून आतलाही घाबरून तेच पुन्हा पाठवतो, आणि आधीच तुंबलेल्या बोगद्यात आणखी भर पडते. आवाजाचं तर हसूच. मीटिंगचा आवाज यूडीपीनं जातो, कारण दोन सेकंद जुना शब्द पुन्हा मिळून उपयोग नसतो. टीसीपीच्या बोगद्यात तोही रांगेत उभा राहायचा.

प्लॅन दुप्पट करूनही वेग का वाढला नाही, तेही याच बोगद्यातून समजलं. आमच्या गेटवेवर कित्येक वर्षं जुनी आवृत्ती होती आणि तिची ठेव, म्हणजे पोच येण्याआधी वाटेत ठेवता येणारा माल, 64 केबी. एका फेरीला पाव सेकंद, म्हणजे सेकंदाला चार फेऱ्या. चार गुणिले 64 केबी म्हणजे दोन एमबीपीएसच्या जरा वर, तेही एकही पाकीट हरवलं नाही तर. बोगद्याचं टीसीपी एकच असल्यामुळे फाईल, मेल, मीटिंग सगळ्यांनी मिळून तेवढंच वाटून घ्यायचं. मी हजारचा प्लॅन घेतला असता तरी दोनच मिळाले असते.

हे सगळं मी दीड पानात लिहून हेल्पडेस्कला वगळून थेट नेटवर्कवाल्यांना पाठवलं. त्यांचा माणूस चांगला निघाला. म्हणाला, “सर, 443 टीसीपी आम्ही मुद्दाम ठेवलंय. सेल्सची माणसं हॉटेलात, विमानतळावर असतात, तिथे यूडीपी अडवतात. 443 सगळीकडून सुटतं.” बरोबरच होतं. फक्त एका हॉटेलातल्या माणसासाठी घरी बसलेल्या सगळ्यांनी रोज रांग लावायची, एवढंच खटकत होतं.

स्प्लिट टनेलला मात्र सुरक्षेच्या मॅडमनी सरळ नाही म्हटलं. कंपनीचं तेवढं बोगद्यातून आणि बाकी घरच्या नेटनं थेट, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. लॅपटॉपचा एक पाय आमच्या जाळ्यात आणि एक घरच्या वायफायमध्ये राहिला, तर कुठल्या साइटवरून काय उतरतंय ते आम्हाला दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा हे बाबूगिरीचं वाटलं. मी मायक्रोसॉफ्टचं मार्च 2020 मधलं मार्गदर्शन पुढे केलं. सगळं जग एकदम घरी बसलं तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं की टीम्सचा आवाज आणि चित्र तेवढं व्हीपीएनच्या बाहेर काढा, ते आधीच कूटबद्ध असतं आणि त्याचे पत्ते आम्ही जाहीर करतो. मॅडमनी वेळ घेतला आणि तेवढ्यालाच हो म्हटलं. ब्राउझर बोगद्यातच राहील, ही अट.

प्रत्यक्षात बदल चार ओळींत मावला. त्यातल्या तीन अशा, पत्ता बदलून :

```
remote vpn.example.com 1194 udp
remote vpn.example.com 443 tcp
route 52.112.0.0 255.252.0.0 net_gateway
```

पहिली ओळ यूडीपीनं प्रयत्न करते, नाही जमलं तर दुसरी टीसीपीवर जाते, म्हणजे हॉटेलवाल्याचीही सोय. तिसरी टीम्सच्या पत्त्यांचा एक मोठा गठ्ठा घरच्या नेटनं सोडते. त्याच दिवशीच्या मीटिंगमध्ये ‘बोला बोला’ बंद झालं. फाईलचा वेग दोनवरून तीसच्या घरात गेला, कारण बोगद्याची 64 केबीची मर्यादा गेली, आणि आता पाकीट हरवलं तर ज्याचं हरवलं तोच थांबतो.

लोक व्हीपीएनचा बोजा म्हटलं की कूटबद्ध करण्याला आणि वरच्या वेष्टनाला दोष देतात. ते वेष्टन किती? वायरगार्डचं घ्या, जे 2020 मध्ये लिनक्सच्या 5.6 कर्नेलमध्ये आलं. त्याचं आयपीव्ही4 वर 60 बाइट, दीड हजारांत चार टक्के. मी तेच मागितलं होतं, पण ते फक्त यूडीपीवर चालतं, मग हॉटेलवाला पुन्हा बाहेर. सोडून दिलं. कुणाचं व्हीपीएन रखडत असेल तर मी एवढंच सांगतो, आधी लॉगमध्ये टीसीपी आहे की यूडीपी ते बघा, आणि रस्त्यांची यादी काढा. प्लॅन नंतर वाढवा.

अंतर मात्र तेवढंच राहिलं. न्यू जर्सी इथून सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन येऊन 125 मिलिसेकंद नुसत्या अंतरात गेलेच, आणि केबल काही सरळ जात नाही. तिथल्या सर्व्हरवरचं मोठं फोल्डर उघडताना लॅपटॉप शंभर छोटे प्रश्न विचारतो, प्रत्येकाला पाव सेकंद. ते आजही रखडतं. पुण्यात गेटवे बसवा म्हटलं तर बजेट पुढच्या वर्षी.

मध्यंतरी टीममधल्या पोरांनी ब्राउझरही बाहेर काढा म्हणून अर्ज केला आणि सही घ्यायला माझ्याकडे आले. सगळ्यांत जास्त बोंब मीच मारली होती ना. तोवर दुसऱ्या विभागातल्या एकाच्या लॅपटॉपवर बनावट इन्व्हॉइसची फाईल उतरता उतरता गेटवेवरच अडली होती. ब्राउझर बाहेर असता तर ती आत आली असती. मी सही केली नाही. पोरं नाराज झाली. “दादा, तुम्हीच असं करता?” म्हणाली.