विद्यार्थ्यांची यादी अपलोड करण्याआधी ती मुद्दाम बिघडवून पाहा

शिक्षक मित्रांनो, एक्सेलमधली यादी सीएसव्ही करून शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची सोय हल्ली बऱ्याच ठिकाणी असते. आमच्या शाळेत ती आली तेव्हा तपासायचं काम माझ्याकडे आलं. चांगली फाईल चढतेच हो! म्हणून मी 60 मुलांची खोटी यादी केली आणि तीच बिघडवत गेलो.

पहिली मराठी नावं. 'सई' हे नाव यूटीएफ-8 मध्ये सहा बाइट घेतं, प्रत्येक अक्षराला तीन. सॉफ्टवेअरने ते जुन्या विंडोज एन्कोडिंगने वाचलं, तर पडद्यावर असं दिसतं:

```
à¤¸à¤ˆ
```

हे बघून घाबरू नका. बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकतोय. पण नावाच्या जागी `??` दिसलं, तर आधी मूळ फाईल नोटपॅडमध्ये उघडा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर अक्षरं सेव्ह करतानाच गेली, ती त्या फाईलमधून परत मिळत नाहीत. एक्सेलमध्ये साधं सीएसव्ही निवडलं की असं होऊ शकतं. तिथे `CSV UTF-8` निवडायचं.

मग मी 'नाव' हे शीर्षक दोनदा दिलं, एकदा मुलाचं, एकदा आईचं. अनेक प्रोग्रॅम अशा वेळी मागचा रकाना धरतात आणि पुढचा गुपचूप टाकून देतात. म्हणजे हजेरीपटावर आईचं नाव, आणि तक्रार काहीच नाही! अशी फाईल सरळ नाकारली गेली पाहिजे.

बाराव्या मुलाच्या पत्त्याआधी अवतरणचिन्ह उघडून ते बंदच केलं नाही. आता पुढच्या 48 ओळी त्या एका पत्त्यातच शिरतात. ओळ अवाढव्य होते आणि यादीत 12च मुलं उरतात. त्यामुळे चढवल्यावर आकडा मोजायचाच.

सगळ्यात त्रासदायक प्रकार म्हणजे अर्धवट चढलेली यादी. 41व्या मुलाची जन्मतारीख मी 31/02/2014 केली. आता सॉफ्टवेअरने एकतर एकही नोंद घेऊ नये, किंवा 59 घेऊन राहिलेली ओळ दाखवावी. दोन्ही चालेल. (शीर्षकाची ओळ धरून ती एक्सेलमध्ये 42वी असते, संदेशात कोणता आकडा येतो तेही बघा.) पण 40 नोंदी ठेवून ते मध्येच थांबलं, तर आपण काय करतो? तारीख सुधारतो आणि पूर्ण फाईल पुन्हा चढवतो. मग यादीत 100 मुलं दिसतात, पहिली 40 दोनदा.

म्हणून मी विक्रेत्याकडे एवढंच मागितलं: रजिस्टर नंबर आधीच असेल तर नवी नोंद करू नका, जुनीच सुधारा. त्यांनी बदल केल्यावर तीच फाईल लागोपाठ तीनदा चढवली. आकडा 60च राहिला. मगच खऱ्या मुलांची यादी काढली.