हातातली यादी

निरोपाच्या भाषणात खेळाडू आकडे सांगतो, असा आपला समज असतो. 16 नोव्हेंबर 2013 ला, वानखेडेवर आपली दोनशेवी कसोटी संपवून सचिन तेंडुलकर माइकसमोर आला, तेव्हा त्याच्या हातात एक कागद होता. त्यावर शतकांचा हिशेब नव्हता. माणसांची नावं होती. कुणाचं नाव राहू नये म्हणून यादीच आणली आहे, असं त्यानं सांगूनही टाकलं. आभारांचा मान पहिला वडिलांना. पुढे आई, शाळा जवळ पडावी म्हणून ज्यांच्या घरी तो काही वर्षं राहिला ते काका-काकू, पहिली बॅट देणारी बहीण, संसाराचा भार उचलून त्याला खेळायला मोकळं करणारी अंजली.

मला त्यातला अजितचा भाग सर्वांत अस्सल वाटतो. अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला आचरेकर सरांकडे नेणारा हा दादा. आपण बाद कसे झालो, यावर या दोघांचा खल वर्षानुवर्षं चाललेला. शेवटच्या डावात सचिन 74 वर झेलबाद झाला. पुन्हा फलंदाजी मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच, तरी त्या संध्याकाळी अजितचा फोन आला आणि दोघं त्या विकेटबद्दल बोलत बसले! दुरुस्ती करायला पुढचा डाव नाही, तरी चूक शोधायचीच. चोवीस वर्षांच्या कारकिर्दीचं मर्म मला तरी विक्रमांच्या तक्त्यापेक्षा या फोनमध्ये जास्त सापडतं.

सरांचं नाव आलं तेव्हा स्कूटरही आली. शिवाजी पार्कवरचा सामना आटोपला की पोराला मागे बसवून आझाद मैदान गाठायचं, म्हणजे एकाच दिवसात दोन सामन्यांचा सराव. पोरगं हवेत जाऊ नये म्हणून सर कधीच ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत. आता मी खेळणारच नाही, तेव्हा म्हणायला हरकत नाही, असं सचिननं हसत सुचवलं.

हा सामना मुंबईत हवा होता तो आईसाठी. मुलाला मैदानात खेळताना तिनं तोवर कधी पाहिलंच नव्हतं. मंडळानं ते ऐकलं हे बरं झालं. खेळाडूंच्या अशा इच्छा बहुधा वेळापत्रकात वाहून जातात.

पुढच्या बेतांबद्दल भाषणात ठोस असं एकच होतं. मुलांचे वाढदिवस, त्यांच्या शाळेतले कार्यक्रम हुकले होते. इथून पुढचा वेळ त्यांचा, असा शब्द त्यानं दिला. दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी साहजिकच आणखी खोदून विचारलं. सकाळी सव्वासहाला जाग आली, घाईनं आंघोळ उरकायचं कारण नाही हे ध्यानात आलं, मग स्वतःच चहा केला, असं त्यानं सांगितलं. आणि पुढे काय? चोवीस वर्षं खेळलो, निवृत्त होऊन चोवीस तास झाले. निदान चोवीस दिवस तरी विश्रांती घेऊ द्या, म्हणाला.