मुका माज आणि बोलका माज

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी काकांच्या गोठ्यात 'माज' हा शब्द रोजच्या बोलण्यातला होता. गाय माजावर आली की हंबरते, अस्वस्थ होते, ते कुणालाही कळतं. म्हशीचं तसं नाही. तिचा माज अनेकदा मुका असतो. ती न ओरडता येते आणि न ओरडता जाते. तो चुकला की पुढचे एकवीस दिवस वाट बघायची, म्हणून काका पहाटे आणि रात्री कंदील घेऊन तिच्यामागे उभे राहत.

वडोदऱ्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर, मला उलटा प्रश्न पडला. आमच्या भाटीचा, म्हणजे चिंगीचा, माज संपूर्ण जिन्याला ऐकू जात होता.

14 नोव्हेंबरच्या रात्री तिनं पहिल्यांदा तो आवाज काढला. म्यावं नव्हे. पोटातून निघणारा, लांबत जाणारा, तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा हेल. ती सात महिन्यांची होती. जमिनीवर लोळत होती, दाराच्या चौकटीला गाल घासत होती. आईला वाटलं, पोटात दुखतंय. डॉक्टरबाईंनी फोनवर तीनच गोष्टी विचारल्या: थोडंफार खाते का? लघवी मोकळी होते का? शेपटीच्या मुळाशी पाठीवर हात ठेवला तर काय करते? मी हात ठेवला. चिंगीनं पुढचा भाग जमिनीला टेकवला, मागचा उंच केला, शेपूट बाजूला वळवली आणि मागचे पाय जागच्या जागी चालवायला लागली. ''माजावर आलीय,'' बाई म्हणाल्या. ''दुखणाऱ्या मांजरीला तिथं हात लावू देववत नाही. ती दबून, लपून बसते. आणि रक्त शोधू नका, कुत्रीसारखं मांजरीला जात नाही. वाळूत पुन्हापुन्हा बसून थेंबभरच लघवी होत असेल, तर मात्र रात्री असेल तरी घेऊन या.''

सहा दिवसांनी आवाज थांबला. मी सुटकेचा श्वास घेतला. 1 डिसेंबरला तो परत आला.

गोठ्यातल्या हिशेबात हे बसत नव्हतं. गाय साधारण एकवीस दिवसांनी परत माजावर येते, कारण तिचं बीज वळू असो-नसो आपल्या वेळेला सुटतं. मग मधले दोन-अडीच आठवडे शरीर गर्भाची वाट पाहत शांत राहतं. मांजरीचं बीज बहुधा बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं. संग झाला नाही, तर पिकलेली बीजं जिरून जातात, काही दिवस शांततेत जातात आणि नवी पिकायला लागतात. माज साधारण आठवडाभर, मधली शांतता एक-दोन आठवड्यांची, आणि पुन्हा तेच. बोका न मिळालेली मांजर हट्टी नसते, तिच्या शरीराला थांबण्याची खूणच मिळालेली नसते.

पण हे ऐन थंडीत का? दिवस मोठे व्हायला लागले की मांजरींचा हंगाम सुरू होतो, दिवस लहान झाले की ओसरतो, असं बाईंनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, ''तुमच्या घरात दिवे किती वाजता बंद होतात?'' आमच्याकडे ट्यूबलाइट रात्री बारापर्यंत चालू. चिंगीच्या डोळ्यांना सतरा तासांचा दिवस दिसत होता. बाहेर मार्गशीर्ष होता, आमच्या दिवाणखान्यात बारमाही ज्येष्ठ.

खालच्या मजल्यावरच्या बा जिन्यात थांबवून म्हणाल्या, ''बिलाडी रडे छे, अपशुकन.'' त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना शरीरशास्त्र सांगण्यात अर्थ नव्हता. शिवाय दोन बोके रोज जिन्यात मुक्कामाला येऊन भिंतींवर मुतत होते. घरमालकाचा निरोप आला: महिनाअखेरपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर मांजर ठेवा किंवा घर ठेवा.

उपाय सुचवणारे पुष्कळ होते. आई म्हणाली, एकदा पिल्लं होऊ देत, शांत होईल. होते, पण जेमतेम दोन महिने पोटुशी असेपर्यंत. पिल्लं दूध पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते, आणि तोवर घरात चार तोंडं वाढलेली असतात. एका शेजाऱ्यानं माज थांबवणाऱ्या गोळ्या आणून दिल्या. त्यांनी आवाज थांबतो, हे खरं. पण बाईंनी त्या फेकायला लावल्या. त्या संप्रेरकानं गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि पुढे त्यात पू धरू शकतो. आचळांना गाठी येतात, साखर वाढू शकते.

रात्रींपुरतं आम्ही एवढंच केलं: संध्याकाळी दोरीमागे दमेपर्यंत पळवायचं, मग जेवण. तिची वाळू दिवसातून दोनदा साफ. साडेआठनंतर ती अंधाऱ्या आतल्या खोलीत, खिडकीला जाळी पक्की, कारण माजावरची मांजर चौथ्या मजल्यावरूनही उडी घेऊ बघते. अंधारानं चालू माज थांबत नाही, पण ती जरा लवकर झोपायची आणि आवाज दोन दारांआड राहायचा. जिना साबणाच्या पाण्यानं धुतला. फिनाइल नाही, कारण पायाला लागलेलं चाटून मांजरीला विषबाधा होते.

खरा उपाय शस्त्रक्रियेचा, आणि तिच्यासाठी तारीख हवी होती. माजात शस्त्रक्रिया करता येते, पण तेव्हा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्राव जास्त होऊ शकतो. जमत असेल तर मधल्या शांततेत करू, असं बाई म्हणाल्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. पहिला माज 14 ते 19 नोव्हेंबर. दुसरा 1 ते 7 डिसेंबर. तिसरा 19 ते 24. सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंत सतरा-अठरा दिवस, मधे अकरा दिवसांची शांतता. म्हणजे चौथा 5 जानेवारीच्या आसपास. ''मग 30 डिसेंबर,'' बाई म्हणाल्या. काकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, ''अगं, आम्ही माज गाठायला दिवस मोजतो, तू चुकवायला मोजतेस.''

30 तारखेला अंडाशयं आणि गर्भाशय काढलं. संध्याकाळी चिंगी झोकांड्या खात घरी आली, गळ्यात प्लास्टिकची कॉलर. दहा दिवस टाका चाटू द्यायचा नाही, कपाटावर चढू द्यायचं नाही. बाईंनी एक गोष्ट बजावून ठेवली: काही महिन्यांनी तोच आवाज, तोच पवित्रा पुन्हा दिसला, तर लाड समजू नका. अंडाशयाचा कण आत राहिला, तर माज परत येतो, आणि तो माजाच्या दिवसांतच तपासावा लागतो.

5 जानेवारी आली. मी रात्री दोनपर्यंत जागी होते. चिंगी कॉलर उशीसारखी खाली घेऊन घोरत होती. जिन्यात एक बोका होता, तोही चार दिवसांनी यायचा थांबला. पुढच्या आठवड्यात बा भेटल्या. यजमान तसेच होते, ना बरे, ना वाईट. त्यांनी विचारलं, बिलाडी गेली का? म्हटलं, नाही, घरीच आहे. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, मग एकदा खाली घेऊन ये. यांना दिवसभर बघायला काहीच नसतं.