पाच मिनिटांचं काम

गेल्या पावसाळ्यात माझ्या वाकडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दर दोन-तीन दिवसांनी सकाळी अख्ख्या घराची लाइट जायची. मीटरशेजारच्या डीबीमधला आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा तो मोठा स्विच, खाली पडलेला असायचा. वर केला की कधी टिकायचा, कधी लगेच पडायचा. फोनवरून बोलावलेला एक इलेक्ट्रिशियन आला, दोन मिनिटं डीबीकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हाच वीक झालाय." येण्याचे पैसे नाहीत, तपासणीचे पैसे नाहीत. नवा आरसीसीबी आणि मजुरी मिळून अठ्ठावीसशे रुपये. चौथ्या दिवशी सकाळी गीझर लावला आणि लाइट गेली.

मग मी मामांना फोन केला. मामा आयटीआयचे वायरमन. तीस वर्षं धनकवडी, सहकारनगर, बिबवेवाडी भागात घरोघरची कामं करतात. एवढ्या लांब त्यांना बोलवायचा मला संकोच वाटत होता, पण ते रविवारी स्कूटरवरून आले.

आल्यावर त्यांनी आधी प्रश्न विचारले. लाइट कधी जाते? सकाळीच का? गीझर आणि इस्त्री एकदम चालू असतात का? मग त्यांनी सगळे एमसीबी पाडून आरसीसीबी वर केला. टिकला. एकेक एमसीबी वर करत गेले, तरी टिकला. गीझर लावला आणि तो पडला. मी म्हणाले, "म्हणजे गीझर खराब." मामा म्हणाले, "थांब." गीझर बंद ठेवून त्यांनी इस्त्री लावली. पुन्हा पडला.

आरसीसीबी एकच गोष्ट बघतो. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का? घरातल्या आरसीसीबीत तीस मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की तो पडतो. कोणतंही मोठं उपकरण लावलं की पडतोय, याचा अर्थ उपकरणं चांगली आहेत आणि परत येणाऱ्या करंटला कुठेतरी दुसरी वाट मिळाली आहे. कुठल्या तरी सर्किटची न्यूट्रल अर्थिंगला टेकली आहे. त्या सर्किटचा एमसीबी पाडूनही उपयोग नाही, कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणून एमसीबी खालीवर करून असा दोष सापडत नाही.

मामांनी मेन बंद केला, डीबीतल्या न्यूट्रल पट्टीवरून एकेक वायर सोडवली आणि प्रत्येक वायर अर्थिंगशी मीटर लावून तपासली. पाचवी वायर बोलली. ती ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशिनच्या सॉकेटची होती. सॉकेट उघडलं, तर पत्र्याच्या बॉक्समध्ये स्क्रूखाली न्यूट्रलचं कव्हर दबून फाटलेलं. पावसाळ्यातली ओल आणि मशिनची थरथर, यामुळे तांबं कधी बॉक्सला टेकायचं, कधी नाही. मामांनी तेवढा तुकडा कापला, वायर नीट बसवली, सॉकेट बंद केलं. शोधायला चाळीस मिनिटं लागली, दुरुस्तीला पाच. सामान लागलं ते वीतभर टेप.

चहा पिताना मी सहज विचारलं, "मामा, बाहेरच्या माणसाकडून याचे किती घेतले असते?"

"काय घेणार? शंभर. वस्तू तर काही टाकली नाही."

ज्याने दोष शोधला नाही त्याला अठ्ठावीसशे मिळाले होते, आणि ज्याने शोधला तो शंभर मागायलाही कचरत होता. ते माझ्या डोक्यातून जाईना. मी त्यांना एक वही दिली आणि सांगितलं, आठवडाभर घरातून निघाल्याची, पोचल्याची, काम सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहा. ते हसले, पण त्यांनी लिहिलं. जिथे विसरले तिथे मामीने आठवण करून दिली.

सहा दिवसांची वही माझ्यासमोर आली. सत्तावीस कामं. घराबाहेर एकूण ५८ तास. त्यात हातात पक्कड-टेस्टर असलेली वेळ २१ तास. उरलेले ३७ तास गेले सिंहगड रोडच्या सिग्नलवर, सोसायटीच्या गेटवर नाव लिहिण्यात, "साहेब आंघोळ करताहेत, बसा" म्हणून जिन्यात बसण्यात आणि सामानासाठी बुधवार पेठेच्या फेऱ्यांत. ३७ तास सत्तावीस कामांत वाटले की एका कामामागे ८२ मिनिटं येतात. काम दहा मिनिटांचं असो वा चार तासांचं, ही ८२ मिनिटं ठरलेली. त्यांच्या आठवड्याची मजुरी झाली होती ७,४०० रुपये. सामानावर मामा काही लावत नाहीत, दुकानाचं बिल तसंच हातात देतात.

मग मी पाव तासाच्या आतली कामं वेगळी काढली. अशी अकरा होती. सैल झालेला होल्डर, पंख्याचा कपॅसिटर, वाजत नसलेली बेल. त्यांचे मिळून ८८० रुपये. पण ती करायला जाण्यायेण्यासकट सतरा तास गेले होते. तासाला बावन्न रुपये. उरलेल्या सोळा कामांत तासाला १५९ पडले होते. म्हणजे मोठं काम देणारे गिऱ्हाईक छोट्या कामवाल्यांचा प्रवासखर्च भरत होते, आणि हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मामांना मी विचारलं, आठवड्याला किती हवेत? घरात नऊ हजार, पेट्रोल-फोन-हत्यारं यांचे हजार. दहा हजार भागिले ५८, तासाला साधारण १७२ रुपये. ही तूट भरायला हाताच्या कामाचाच दर वाढवला, तर दहा हजार भागिले २१ होतात, म्हणजे तासाला ४७६. तसं केलं तर दहा मिनिटांच्या कामाचे जेमतेम ऐंशी रुपये होतात आणि चार तासांच्या कामाचे एकोणीसशे. चार तासांचं काम देणारा माणूस दोन-तीन ठिकाणी विचारतो. तो निघून जातो. ऐंशी रुपयांचं काम देणारा मात्र खुशीत राहतो आणि शेजाऱ्यांनाही नंबर देतो. मामा हळूच म्हणाले, "अख्ख्या फ्लॅटचे पंखे-लाइट बसवायची कामं हल्ली येतच नाहीत माझ्याकडे. सगळे बेलवाले." म्हणजे माझा हिशेब त्यांच्या बाबतीत आधीच घडून गेला होता.

दुसरा मार्ग म्हणजे ८२ मिनिटांचे पैसे वेगळे धरायचे. १७२च्या दराने ते २३५ होतात. त्यावर हाताची वेळ त्याच दराने. मग दहा मिनिटांच्या कामाचे २६४ होतात आणि चार तासांच्या कामाचे ९२३. छोटं काम महाग वाटतं, पण त्याचा खरा खर्चच तेवढा असतो. आम्ही ते बोलायला सोपं केलं. घरी येण्याचे तीनशे, त्यात पहिला अर्धा तास, तपासणीसकट. पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला शंभर.

"आणि काम केलं तर व्हिजिट चार्ज माफ करू का?" मामांनी विचारलं. "कंपनीवाले करतात तसं."

मला आधी ते बरोबर वाटलं. गिऱ्हाईक खूश होईल. मग माझा आरसीसीबी आठवला. त्या इलेक्ट्रिशियनने येण्याचे आणि बघण्याचे काही घेतले नव्हते, म्हणून काहीतरी विकल्याशिवाय त्याला पेट्रोलही सुटलं नसतं. बघण्याचे पैसे नसले की "तुमचं काही बिघडलेलं नाही" हे वाक्य माणसाला परवडत नाही. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण चाळीस मिनिटं शोधून पाच मिनिटांत दुरुस्त करणं त्याच्यासाठी तोट्याचं होतं. माफ केलेला चार्ज सुट्या भागाच्या किमतीतून परत येतो, आणि कोणता भाग बदलायचा हे त्यालाच ठरवायचं असतं. मामांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मनात येतं कधीकधी. चांगला रेग्युलेटर बदलून टाकावा. घेतात लोक मुकाट्याने. वस्तू दिसली की पैसे देतात." तीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं.

तीनशे रुपये फोनवरच, निघायच्या आधी सांगायचे असं ठरलं. दारात सांगितले तर तो भांडणाचा विषय होतो. पहिल्या आठवड्यात चौघांनी "बघतो, कळवतो" म्हणून फोन ठेवला. एकाने पैसे दिले, पण बेलचं बटण लगेच सुरू झाल्यावर "पाच मिनिटांत झालं की" असं तीनदा ऐकवलं. मामा म्हणाले, "साहेब, एक तास लावला असता तर बरं वाटलं असतं का?" मला ते सांगताना त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं.

काही गोष्टी आकड्यात बसल्या नाहीत. एका इमारतीत दोन कामं निघाली तर प्रवास एकच, म्हणून दुसऱ्याकडून तीनशे घेणं बरोबर नाही. तिथे ते दीडशे घेतात. तीच तक्रार आठ दिवसांत परत आली तर येण्याचं काही घ्यायचं नाही. सर्वांत अवघड प्रसंग तपासूनही न सापडलेल्या दोषाचा. कधीतरीच दिसणारा दोष मामा गेल्यावर लपून बसतो, आणि अर्धा तास घालवून "आत्ता सगळं बरोबर दाखवतंय" एवढंच सांगता येतं. तेव्हा मामा तीनशे घेतात, काय काय तपासलं ते कागदावर लिहून देतात आणि दोष पुन्हा दिसला तर दुसऱ्या खेपेचे घेत नाहीत. तरी ते पैसे खिशात टाकताना त्यांचा हात अडखळतो.

सहकारनगरच्या एका आजींची ट्यूबलाइट ते वर्षानुवर्षं बदलत आले आहेत. दहा रुपये आणि लाडू. मी विचारलं, त्यांना काय सांगितलं? "काही नाही," मामा म्हणाले. "त्यांचे तीनशे मी भरतो. आता निदान किती भरतो ते माहीत आहे."

त्या रविवारचे माझ्याकडचे पैसे अजून बाकी आहेत. वाकडपर्यंतची जायची-यायची वेळ धरून मी सहाशे काढून ठेवलेत. मामा घेत नाहीत, मामी घेते.