पाठकोऱ्या कागदाची टिपणे

जालना 1 मे 1981 रोजी जिल्हा झाला, तेव्हा आम्ही नवीन जालन्यातली मुले शाळेत होतो. जून उजाडला की घरोघरी एक काम ठरलेले असे. गेल्या वर्षीच्या वह्यांमधली कोरी पाने फाडायची, दाभणाने टोचायची आणि दोऱ्याने शिवून कच्ची वही करायची. एका बाजूला छापलेल्या कागदांचा गठ्ठा वेगळा निघे. ते पाठकोरे कागद टिपणांसाठी. कागद मोजका होता, म्हणून अक्षर बारीक होते आणि शब्दही मोजके होते.

आता गावातल्या नदीच्या दोन्ही काठांना अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षेची मुले सकाळी आठला जागा धरतात आणि रात्री उठतात. समोर रंगीत हायलायटर, मोबाईलमध्ये टेलिग्रामवरून आलेल्या पीडीएफ. आम्हाला एक पुस्तक तिघांत फिरवावे लागे, यांच्याकडे एका विषयाची दहा पुस्तके असतात. याचा मला मनापासून आनंद आहे. पुस्तक आपल्या वाटणीला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येण्याची धास्ती पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आणि आमची टिपणे चांगली होती, असेही नाही. पुष्कळदा ती शिक्षकांनी सांगितलेली आणि आम्ही उतरवलेली असत. वरच्या वर्गातल्या मुलाच्या वहीत एखादे साल चुकले, की ते तीन वर्षे चुकत राही. ज्या मुलीला वही मागायला कुणाच्या घरी जाता येत नसे, तिचा अभ्यास तिथेच अडे. उतरवून काढणे म्हणजे टिपण नव्हे, हे आम्हाला उशिरा कळले.

कळले ते मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या एका आठ पानी उताऱ्यामुळे. तो शिकवणाऱ्या सरांची पद्धत वेगळी होती. पहिल्या वाचनात पेन हातात घ्यायचेच नाही, कारण पूर्ण उतारा वाचेपर्यंत मुख्य काय आणि सोबतचे काय हे कळत नाही, सगळेच महत्त्वाचे वाटते. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने दोन-तीन शब्द लिहायचे, पण त्या शब्दांनी परिच्छेद काय सांगतो ते सांगायला हवे. ‘रझाकार’ एवढे लिहून भागत नाही, ‘रझाकारांचा जाच वाढला’ असे लिहावे लागते. मग पुस्तक मिटायचे आणि पाठकोऱ्या कागदावर आठवेल तसा सांगाडा मांडायचा.

त्या उताऱ्याचा सांगाडा चार मथळ्यांत बसला. पहिला, संघटना उभी राहते. त्याखाली 1937 साली परतूरला भरलेले महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन, 1938 सालची स्टेट काँग्रेस, तिच्यावर स्थापनेआधीच आलेली बंदी आणि सत्याग्रह. दुसरा, 1947 चा पेच. निजामाला स्वतंत्र राहायचे होते, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली 7 ऑगस्टला भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला गेला आणि 29 नोव्हेंबरला जैसे थे करार झाला. तिसरा, रझाकारांचा जाच आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांतून दिलेला लढा. चौथा, 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची कारवाई. हे मथळे सुटे सुटे एकाखाली एक लिहिले तर सर कागद परत देत. मथळ्यांमध्ये बाण काढायचा आणि बाणावर कारण लिहायचे. करार झाला असूनही कारवाई का करावी लागली? दुसऱ्या मथळ्यापासून चौथ्यापर्यंतचा बाण भरता आला, तरच उतारा समजला असे ते मानत. सनावळी आणि नावे पुस्तकातून जशीच्या तशी घ्यायची, बाकी सगळे आपल्या शब्दांत.

पुस्तक पुन्हा उघडायचे ते फक्त अडलेल्या जागी. तिथे समासात प्रश्नचिन्ह असे. आठ पानांचे एक पान व्हावे, असा अंदाज होता. टिपण जमले की नाही, हे तपासायची रीतही सोपी होती. खालच्या ओळींवर हात ठेवून नुसता मथळा बघायचा आणि गच्चीवर फेऱ्या मारत मोठ्याने बोलायचे. दोन वाक्यांत गाडी अडली, तर टिपण फार रोड झाले. कागद वाचतच राहिलो आणि आठवायला काही उरलेच नाही, तर ते फार जाड झाले.

आज परतूरचे अधिवेशन ‘वन लायनर’मध्ये येते, वर्ष आणि गाव एका ओळीत. वस्तुनिष्ठ परीक्षेला ते पुरते आणि तिथे आमचा बाणांचा कागद वेळखाऊ ठरेल, हे मान्य. पण राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथे वर्ष माहीत असून भागत नाही, त्या वर्षाचा पुढच्या वर्षाशी संबंध लिहावा लागतो. अभ्यासिकेतली मुले आता पिवळ्या केलेल्या ओळींकडे बघतात आणि उत्तर कुठून सुरू करावे ते त्यांना सुचत नाही. पानभर ओळी पिवळ्या झाल्या, म्हणजे निवड झालीच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सरांच्या सांगण्यावरून आम्ही पुस्तक मिटून जे करत होतो, त्याची पुढे प्रयोगाने तपासणी झाली. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. प्रत्येकाने एक उतारा पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता, त्यातले 81 टक्के आठवले आणि आठवून लिहिलेल्यातले 75. आठवड्याने चित्र उलटले. आठवून लिहिलेल्या उताऱ्यातले 56 टक्के आठवले, पुन्हा वाचलेल्यातले 42. परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा वाचताना सगळे येते असे का वाटते, ते या आकड्यांतून कळते.

तरी मला हुरहुर लागते ती गच्चीवरच्या फेऱ्यांची आणि परीक्षा केंद्राच्या दाराशी पायऱ्यांवर चालणाऱ्या कागदांच्या अदलाबदलीची. तिथे दुसऱ्याचा सांगाडा बघितला की आपण गाळलेला बाण दिसे. आधी झेरॉक्स आले आणि वही उतरवायची गरज संपली. मग मोबाईल आला आणि वही मागायची गरज संपली. पहिल्या बदलाने मनगटाचे कष्ट वाचले, ते बरेच झाले. दुसऱ्याने दारावर येणारा मित्र कमी झाला, आणि त्याची भरपाई मला कुठे दिसत नाही.

शेजारची एक मुलगी राज्यसेवेची तयारी करते. तिला मी सरांची रीत सांगितली. तिने ती घेतली आणि बदलली. सांगाडा ती हाताने लिहिते, मग त्याचा फोटो काढून ठेवते आणि संभाजीनगरच्या बसमध्ये फक्त मथळे उघडून बाकीचे मनात बोलते. आमचा एखादा कागद भिजला की वर्षाचे काम जाई, तिचे जात नाही. मोठ्याने मात्र ती बोलत नाही, बसमध्ये ते जमतही नाही. मी तिला घरी आल्यावर गच्चीवर बोलायला सांगितले आहे, कारण मनात वाक्य पुरे झाल्यासारखे वाटते आणि तोंडाने बोलताना कुठला बाण रिकामा आहे ते लगेच कळते.