तंजावरचा वाडा कोणाचा?

मालमत्ता कायदा शिकवताना मी आधी तंजावरला जातो. मालकी, ताबा आणि हक्काचा आधार, म्हणजे टायटल, या तीन गोष्टी विद्यार्थी एकाच गाठोड्यात बांधतात. तंजावरच्या भोसल्यांच्या वारसांचे हे गाठोडे कंपनी सरकारने सोडून दाखवले.

राजे शिवाजी १८५५ मध्ये वारले. मुलगा नव्हता. कंपनीने राज्य खालसा केले आणि पुढच्या वर्षी कमिशनर फोर्ब्स याने वाड्यातल्या मालमत्तेला सील ठोकून पहारे बसवले. जवाहिराच्या खोलीपाशी उभ्या शिपायाच्या हाती खोली असली, तरी ताबा त्याचा नव्हे. तो नुसता राखणदार. ताबा कंपनीचा, कारण वस्तूवर नियंत्रण तिचे होते आणि इतरांना दूर ठेवण्याचा इरादाही तिचाच. शिपायामार्फत धरलेला हा अप्रत्यक्ष ताबा. खोलीतल्या पेटीतील हिऱ्याला कोणी हात लावला नसला, तरी सील कंपनीचे म्हणून तोही तिच्याच ताब्यात.

थोरल्या राणी कामाक्षीबाई साहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. राज्य गेले तर गेले, खासगी मालमत्ता वारसाहक्काने आमची, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा आधार हिंदू वारसा कायदा; ताबा शून्य. कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला, पण कंपनीचे टायटल चांगले म्हणून नव्हे. जप्ती हे सार्वभौम सत्तेचे राजकीय कृत्य होते, आणि ते न्याय्य की अन्याय्य हे तपासण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही, एवढेच कौन्सिलने ठरवले. आधार खोटा ठरला नाही, तो ऐकलाच गेला नाही. माझ्या मते मालकी आणि दाद मागण्याची वाट यांतले अंतर इतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. याला प्रतिकूल ताबा म्हणू नये: तिथे परक्याच्या उघड, अखंड वहिवाटीला मुदत पुरी झाली की खऱ्या मालकाचा हक्क मावळतो. कंपनीला मुदतीची गरजच पडली नाही.

१८६२ मध्ये मद्रास सरकारने कृपा म्हणून मालमत्ता परत दिली. आता सगळा वाद त्या हुकुमाच्या शब्दांवर आला. व्यवस्था थोरल्या राणीकडे, उपभोगात इतर राण्यांचाही वाटा, आणि शेवटची राणी गेल्यावर राजाच्या मुलीकडे वारसा. राण्यांमधला वाद मद्रास हायकोर्टात गेला आणि १८६८ मध्ये तिथून सहविधवांच्या संयुक्त मालकीचा महत्त्वाचा निकाल आला. एक राणी गेली की तिचा हिस्सा उरलेल्या राण्यांकडे जातो.

परीक्षेला मी विचारतो: थोरल्या राणीने एकटीने वीस वर्षे किल्ल्या सांभाळल्या, तर धाकट्यांचा हक्क बुडाला का? नाही. एका सहमालकाचा ताबा सर्वांच्या वतीने धरला जातो. धाकट्यांचा हक्क उघड नाकारून त्यांना बाहेर काढले, तरच मुदत मोजायला सुरुवात होते.